पॅन 'इनऑपरेटिव्ह' असेल तर ऊस वाहतुकीच्या बिलातून एकाऐवजी वीस टक्के का जातात?

गाळप हंगाम जोरात चालू आहे आणि पंधरवड्याची वाहतूक बिलं ट्रॅक्टरवाल्यांच्या खात्यावर पडायला लागलीत. यंदा गावागावांत एक तक्रार ऐकायला मिळतेय. बिल ठरल्याप्रमाणे निघालं, टनेज बरोबर, अंतर बरोबर, पण खात्यावर आलेली रक्कम भलतीच कमी. कारखान्याच्या ऑफिसात विचारलं तर एकच उत्तर, "तुमचं पॅन इनऑपरेटिव्ह दाखवतंय." ह्या शब्दाचा अर्थ कुणी समजावून सांगत नाही. माणूस तिथून थेट सेतू केंद्रात जातो, तिथं आणखी दोनशे-तीनशे रुपये मोडतो आणि कागद घेऊन परत येतो. कपात मात्र चालूच राहते.

आधी शब्दाचा अर्थ बघू. इनऑपरेटिव्ह म्हणजे पॅन रद्द झालं असं नाही. नंबर तोच राहतो, कार्डही तेच राहतं. नवं पॅन काढायची गरज नसते आणि काढूही नये, त्याचं कारण पुढं येईलच. पॅनला आधार जोडलेलं नाही म्हणून आयकर खात्यानं ते पॅन चालू नाही असं धरलंय, एवढाच त्याचा अर्थ. आयकर कायद्यात कलम १३९एए हे २०१७ साली आलं. जोडणीची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०२२ पर्यंत गेली. तोपर्यंत जोडणी फुकट होती. त्यानंतर तीन महिने ५०० रुपये आणि १ जुलै २०२२ पासून १,००० रुपये दंडवजा शुल्क बसलं. शेवटची तारीख ३० जून २०२३ होती. ज्यांचं राहिलं त्यांचं पॅन १ जुलै २०२३ पासून इनऑपरेटिव्ह झालं. म्हणजे ही नवी भानगड नाही, अडीच वर्षं झाली. आपल्याकडं ती आत्ता दिसतेय, कारण बऱ्याच जणांचा पॅनशी संबंध बिल निघतं तेव्हाच येतो.

आणखी एक गट यंदा नव्यानं अडकलाय. ज्यांनी आधार नंबर यायच्या आधीच, आधार नोंदणीच्या पावतीवरचा क्रमांक देऊन १ ऑक्टोबर २०२४ पूर्वी पॅन काढलं होतं, त्यांना खरा आधार नंबर कळवायला ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदत होती. ज्यांनी कळवला नाही त्यांचंही पॅन आता बंद धरलं जातंय.

आता पैशाचं बघू. शेजारच्या गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्याचा हिशेब समोर ठेवतो. त्याच्या सांगण्यावरून नाव घालत नाही. एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, कारखान्याशी वाहतुकीचा करार. नोव्हेंबरपासूनच्या पहिल्या तीन पंधरवड्यांची बिलं ७२,०००, ८५,००० आणि ७८,००० अशी निघाली. एकूण २,३५,००० रुपये. कंत्राटी कामाच्या बिलावर कारखान्याला आयकराची कपात करावी लागते, तिलाच टीडीएस म्हणतात. एक बिल ३०,००० च्या वर असेल किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर जात असेल तर ही कपात लागू होते. एकट्या माणसाला तिचा दर एक टक्का आहे. म्हणजे २,३५,००० वर २,३५० रुपये जायला हवे होते. त्याचे गेले ४७,०००. कारण पॅन दिलं नाही, किंवा दिलेलं पॅन इनऑपरेटिव्ह असेल, तर कपातीचा दर वीस टक्के होतो.

ही वीस टक्के कपात नफ्यावर होत नाही, पूर्ण बिलावर होते, आणि खरा फटका तिथं बसतो. ट्रॅक्टरवाल्याच्या बिलात डिझेल असतं, ड्रायव्हरचा पगार असतो, टायर असतात, बँकेचा हप्ता असतो. हे सगळं वजा जाता हातात राहतं ते बिलाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. वीस टक्के कपात म्हणजे नेमका तोच पाचवा हिस्सा. त्या माणसानं तीन पंधरवडे ट्रॅक्टर चालवला आणि डिझेलचं बिल पंपावर उधार ठेवलं.

कारखान्याचा अकाउंटंट इतका कडक का वागतो, हेही समजून घेतलं पाहिजे. ट्रॅक्टरवाल्यांना वाटतं त्यानं मुद्दाम केलं. तसं नसतं. पॅन बंद असताना त्यानं एकच टक्का कापला, तर उरलेल्या एकोणीस टक्क्यांची मागणी आयकर खातं कारखान्याकडं करतं, वर व्याजही लावतं. अशा नोटिसा देशभर इतक्या निघाल्या की केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला २१ जुलै २०२५ रोजी परिपत्रक काढून सवलत द्यावी लागली. १ ऑगस्ट २०२५ नंतर दिलेल्या रकमांसाठी त्यात असं म्हटलंय की, ज्या महिन्यात पैसे दिले तो महिना संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत त्या माणसाचं पॅन चालू झालं, तर कमी कपात केल्याबद्दल पैसे देणाऱ्याला जबाबदार धरणार नाहीत. म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये दिलेल्या बिलासाठी फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंतची मुभा.

ही सवलत कापणाऱ्याला आहे, आपल्याला नाही. एखादा कारखाना ट्रॅक्टरवाल्यावर विश्वास ठेवून एकच टक्का कापू शकतो, पण जोखीम त्याची राहते आणि बहुतेक जण ती घेत नाहीत. आणि एकदा वीस टक्के कापून सरकारात भरले की ते परत द्यायचं कारखान्याच्या हातात राहत नाही. ऑफिसात जाऊन भांडून काही उपयोग नाही. ते पैसे आयकर खात्याकडूनच परत मिळवावे लागतात.

मग त्याचं पॅन बंद का राहिलं? हा माणूस आळशी नव्हता. जून २०२३ मध्ये, शेवटच्या आठवड्यात, तो रांगेत उभा राहिला होता. १,००० रुपये भरल्याची पावती त्यानं जपून ठेवलीय, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. त्या पावतीमुळंच त्याची समजूत झाली होती की काम झालं. आपल्या भागात जेवढ्या जणांशी बोललो, त्यातल्या बऱ्याच जणांची गोष्ट हीच आहे.

जोडणी दोन टप्प्यांत होते. पहिल्यात पैसे भरायचे. दुसऱ्यात, पैसे जमा झाल्याची नोंद पोर्टलवर आली की परत जाऊन जोडणीचा अर्ज पाठवायचा. पैसे भरले म्हणून अर्ज आपोआप जात नाही. त्या वेळी गर्दी होती, भरणा नोंदवायला चार-पाच दिवस लागत होते, सेतूवाल्यानं "चार दिवसांनी या" म्हटलं असेल किंवा म्हटलंही नसेल. पेरणीचे दिवस होते. गडी परत गेलाच नाही.

आपली काय परिस्थिती आहे हे बघायला पैसे लागत नाहीत आणि लॉगिनही लागत नाही. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये incometax.gov.in हे स्वतः टाईप करून उघडा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून जाऊ नका, आणि पॅन लिंक करायचं ॲप म्हणून कुणी फाईल पाठवली तर ती डाउनलोड करू नका. पहिल्याच पानावर Link Aadhaar Status असं दिसेल. तिथं पॅन आणि आधार नंबर टाकून View Link Aadhaar Status दाबायचं. शेजारीच Verify PAN Status आहे. तिथं पॅन, नाव, जन्मतारीख आणि मोबाईल नंबर टाकला की ओटीपी येतो आणि पॅन चालू आहे की नाही ते कळतं. दोन्ही बघा. पहिल्यात जोडणी कळते, दुसऱ्यात पॅनची अवस्था.

स्क्रीनवर येणारं इंग्रजी वाक्य नीट वाचायचं किंवा त्याचा फोटो काढून शिकलेल्या पोराला दाखवायचं, कारण प्रत्येक वाक्याचा उपाय वेगळा आहे. पॅन या आधाराला आधीच जोडलेलं आहे असं आलं तर प्रश्न मिटला. जोडलेलं नाही, Link Aadhaar वर जा, असं आलं तर काम बाकी आहे. विनंती तपासणीसाठी UIDAI कडे पाठवली आहे असं आलं तर थांबायचं, परत पैसे भरायचे नाहीत. आणि तुमचं आधार दुसऱ्याच पॅनला जोडलेलं आहे असं आलं, तर गोष्ट वेगळी आहे. त्याकडं नंतर येतो.

आपल्या ट्रॅक्टरवाल्याला दुसरं वाक्य आलं, जोडलेलं नाही. त्यानं Link Aadhaar उघडून पॅन-आधार टाकलं आणि Validate दाबलं. तिथं पैसे भरा असं न येता भरणा पडताळला गेल्याचा संदेश आला. म्हणजे २०२३ चे हजार रुपये तिथंच पडून होते. पुढं आधारवर आहे तसं नाव टाकलं, संमतीच्या चौकटीवर खूण केली, ओटीपी घातला आणि विनंती गेली. अर्ध्या तासाचं काम. त्यासाठी अडीच वर्षं आणि ४७,००० रुपये अडकले.

ज्यांनी कधीच पैसे भरले नाहीत, त्यांना Validate नंतर Continue to Pay Through e-Pay Tax असं बटण येतं. तिथं एक जागा सांभाळायची. भरण्याचा प्रकार Other Receipts (500) हाच निवडायचा आणि त्याच्या खालच्या प्रकारात आधार जोडायला उशीर केल्याबद्दलचं शुल्क, Fee for delay in linking PAN with Aadhaar, हे यायला पाहिजे. रक्कम तिथं आपोआप येते. काही ठिकाणी घाईत हे पैसे दुसऱ्याच कराच्या शीर्षात भरले गेलेत. मग पावती असते, पण पोर्टल ती जोडणीसाठी धरत नाही. सेतूवाल्याकडून पावती घेतली की त्यावर ५०० हा आकडा आणि स्वतःचा पॅन नंबर दोन्ही तपासूनच बाहेर पडा.

विनंती गेली म्हणजे पॅन त्याच दिवशी चालू होत नाही. नियमाप्रमाणं शुल्क भरून आधार कळवल्यापासून तीस दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. ह्या माणसाच्या बाबतीत तेवढ्यात चौथा पंधरवडा आला. बिल ८०,००० चं, त्यातले आणखी १६,००० गेले. चार बिलांची बेरीज ३,१५,०००, कपात ६३,०००. पॅन वेळेवर चालू असतं तर ३,१५० गेले असते. म्हणजे ५९,८५० रुपये जास्तीचे गेले. ज्यांचा हंगाम अजून चालू आहे त्यांनी पुढच्या बिलाची वाट न बघता आजच स्क्रीन बघावी, ती ह्या तीस दिवसांसाठी.

कधी कधी विनंती नामंजूर होते. बहुतेक वेळा कारण नाव, जन्मतारीख किंवा लिंग न जुळणं हे असतं. आपल्याकडं पॅनवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एकीकडं वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडं नुसतं अक्षर, आणि जन्मतारीख तर कित्येकांची १ जून. आधी कोणता कागद दुरुस्त करायचा ते विचार करून ठरवा. आधारवर जन्मतारीख आयुष्यात एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं. त्यामुळं आधारवरचं बरोबर असेल तर त्याला हात लावू नका, पॅन दुरुस्त करून घ्या. अगदी किरकोळ फरकानं अडत असेल, तर प्रोटीन किंवा यूटीआयआयटीएसएलच्या ठरावीक पॅन केंद्रांवर अंगठा लावून पडताळणी करता येते. जाताना पॅन, आधार आणि हजार रुपयांची पावती न्यायची. एकदा नीट भरलेलं शुल्क असेल तर नामंजूर झाली म्हणून परत भरावं लागत नाही.

आता ते दुसऱ्या पॅनचं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी गावात कॅम्प लावून पॅन काढून दिलं, कार्ड हरवलं, मग आधारवरून पाच मिनिटांत मिळतं म्हणून नवीन काढलं. आधार नव्याला जोडलं गेलं. कारखान्यात आणि बँकेत मात्र जुनंच पॅन आहे, ते इनऑपरेटिव्ह. अशांनी जुन्याला आधार जोडायच्या मागं लागू नये, ते होणार नाही. कारखान्याला आणि बँकेला चालू पॅन लेखी द्यायचं आणि जुनं पॅन दुरुस्तीच्या अर्जातूनच परत करायचं. दोन पॅन बाळगल्याबद्दल कायद्यात १०,००० रुपये दंड आहे. पॅन बंद दाखवतंय म्हणून नवीन काढू नका, असं वर म्हटलं ते ह्यासाठी.

ज्यांचा ट्रॅक्टर नाही त्यांनाही हे लागू पडतं, मुदत ठेवीवर. समजा सत्तरी ओलांडलेल्या आजींच्या नावावर ठेव आहे आणि वर्षाचं व्याज १,१२,००० येतं. ज्येष्ठांना १ लाखाच्या वर आणि इतरांना ५०,००० च्या वर व्याज गेलं की बँक कपात करते. आजींना कर बसत नसेल तर त्या १५एच फॉर्म भरतात आणि काहीच कापलं जात नाही. पण चालू पॅन नसेल तर तो फॉर्म ग्राह्य धरला जात नाही आणि व्याजातून २२,४०० रुपये जातात. फॉर्म एप्रिलमध्ये देऊन आलो म्हणून निश्चिंत बसू नका, पासबुक छापून बघा. ८० वर्षं पूर्ण झालेल्यांना मात्र जोडणीतून सूट आहे. अट अशी की पॅनवरची जन्मतारीख खरी असली पाहिजे. वय ८३ आणि पॅनवर ७६ असेल तर कॉम्प्युटर ७६ च धरणार.

गावात ह्या विषयावर घबराटही भरपूर पसरलीय, तीही दूर करायला हवी. आयकर नियमात पॅन इनऑपरेटिव्ह असण्याचे परिणाम मोजून लिहिलेत. कराचा परतावा मिळणार नाही, त्या काळाचं परताव्यावरचं व्याज मिळणार नाही आणि कपात चढ्या दरानं होईल. खातं गोठवा असं त्यात नाही. पीएम किसानचा हप्ता आधार, ई-केवायसी आणि जमिनीच्या नोंदीवर चालतो, पॅनच्या जोडणीवर नाही. रेशनचा तर संबंधच नाही. तरी व्यवहारात बँकेतला माणूस नवीन खातं किंवा ५०,००० च्या वरची ठेव अडवू शकतो, कारण तिथं पॅन मागितलं जातं आणि त्याच्या कॉम्प्युटरवर ते लाल दिसतं.

राहिला प्रश्न गेलेल्या पैशांचा. ते बुडालेले नाहीत, आपल्या पॅनवर जमा आहेत, निदान असायला हवेत. कारखान्यानं ऑक्टोबर ते डिसेंबरच्या कपातीचं विवरण ३१ जानेवारीपर्यंत भरायचं असतं. त्यानंतर पोर्टलवर लॉगिन करून 26AS मध्ये कपात दिसते का ते बघायचं आणि कारखान्याकडून १६ए दाखला मागून घ्यायचा. 26AS मध्ये रक्कम दिसत नसेल तर ऑफिसात भांडायचं खरं कारण तुमच्याकडं आहे.

मग विवरणपत्र भरायचं. पॅन बंद असतानाही विवरणपत्र भरता येतं, पण परतावा पॅन चालू झाल्याशिवाय निघत नाही. म्हणून आधी जोडणी. २०२५-२६ ह्या वर्षासाठी नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. खर्च वजा जाता ट्रॅक्टरवाल्याचं उत्पन्न त्याच्या जवळपासही नाही, तेव्हा ६३,००० च्या ६३,००० परत मागता येतात. परतावा ज्या खात्यावर हवा ते खातं पोर्टलवर आधी पडताळून घ्यावं लागतं आणि खात्यावरचं नाव पॅनशी जुळावं लागतं. विवरणपत्र भरलं की पीएम किसान बंद होतं, अशी भीती अनेकांना आहे. योजनेतून वगळायचा निकष आयकर भरलेला असणं हा आहे, नुसतं विवरणपत्र भरणं हा नाही.

अडचण आलीच तर आयकर पोर्टलचा टोल फ्री नंबर १८०० १०३ ००२५ आहे. फोन करताना पॅन, स्क्रीनवरच्या वाक्याचा फोटो आणि भरणा पावतीवरचा चलन क्रमांक जवळ ठेवा, ते पहिलं हेच विचारतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, त्यामुळं बिलावर दिसणारे कलमांचे नंबर पुढच्या हंगामात बदललेले असतील.